सुपरट्रेंडची पलटी: खरी आणि खोटी

सुपरट्रेंड ही शेअरच्या आलेखावर भावामागे सरकत जाणारी रेषा. तेजीत ती भावाच्या खाली असते, मंदीत वर. भाव तिला ओलांडून बंद झाला की ती बाजू बदलते, आणि याच पलटीवर खरेदी-विक्री केली जाते. फ्रेंच ट्रेडर ऑलिव्हिए सेबान यांच्या नावावर असलेल्या या रेषेचा पाया वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला ‘एटीआर’, म्हणजे भावाची सरासरी खरी चढउतार, हा आहे.

दिवसाच्या उच्चांक-नीचांकाच्या मध्यातून एटीआरची ठरावीक पट वजा केली की खालची रेषा मिळते, मिळवली की वरची. प्रचलित मापे १० दिवस आणि ३ पट. तेजीत खालची रेषा वर चढते, पण खाली उतरत नाही. खोट्या पलटीचे मूळ इथेच आहे.

एक कल्पित शेअर घेऊ. मध्य ५२० रुपये, एटीआर १०. रेषा ४९० वर. मग बाजार सुस्तावतो. भाव तिथेच घुटमळतो, एटीआर ५ वर येतो आणि रेषा आपोआप ५०५ पर्यंत चढते. भाव वाढलेला नसतानाही स्टॉपलॉस जवळ आला! आता एके दिवशी शेअर ५२० ते ५०० असा हलून ५०३ वर बंद होतो. एटीआर ६.५ होतो, पण चढलेली रेषा मागे हटत नाही, पलटी होते. नवी रेषा वर, ५१० अधिक १९.५ म्हणजे ५२९.५ वर. चार दिवसांत भाव ५३१ वर बंद झाला, तर ५०३ ला विकलेला शेअर २८ रुपये जास्त देऊन परत घ्यावा लागतो. दलाली आणि कर वेगळेच.

पट ४ असती तर रेषा ५०० वर राहिली असती आणि ही पलटी टळली असती. २ असती तर रेषा थेट ५१० वर. मात्र मोठी पट खऱ्या घसरणीत तेवढाच जास्त नफा परत देते. दिवसांची संख्या वाढवली तर एटीआर सावकाश आकसतो, त्यामुळे सुस्त काळात रेषा भावाला इतक्या लवकर चिकटत नाही. जुन्या आकडेवारीत फक्त ३.१ ला नफा आणि २.८ किंवा ३.४ ला तोटा दिसत असेल, तर तो आकडा योगायोगाने जुळलेला समजावा. शेजारची मापेही बऱ्यापैकी चालतात असाच पट्टा निवडावा.

पलटी नेहमी कॅन्डल बंद झाल्यावरच धरावी. दिवसभरात दिसलेली पलटी संध्याकाळी नाहीशी होऊ शकते. शिवाय रेषेपलीकडे अर्ध्या एटीआरची मोकळीक ठेवता येते. वरच्या उदाहरणात ती ३.२५ रुपये होते, म्हणजे ५०१.७५ च्या खाली बंद झाल्याशिवाय विक्री नाही. ५०३ वर शेअर हातात राहिला असता. खऱ्या घसरणीत हीच मोकळीक बाहेर पडायला उशीर लावते, आणि भाव एकदम खाली उघडला तर कुठलीच रेषा आपल्या किमतीला विक्री करून देत नाही.