जिऱ्याला रशियनमध्ये काय म्हणायचं?

बघा मंडळी, आपल्या बीडकडचं येसर रशियन गिऱ्हाइकाला विकायचं, तर पाकिटावर आमटीची कृती रशियनमध्ये हवी. पहिली गडबड जिऱ्यातच होते. डिक्शनरीत बघून लोक जिऱ्याला ‘त्मिन’ लिहून मोकळे होतात. पण त्मिन म्हणजे तिकडे काळ्या पावात घालतात ते बी. दिसायला जिऱ्यासारखंच, चव मात्र बडीशेपेकडे झुकणारी. आमटी पार बिघडते! आपल्या जिऱ्याला ‘झिरा’ म्हणतात. उझबेकी पुलावामुळे तो शब्द तिकडच्या लोकांना माहीत असतो.

‘येसर’ नाव तसंच ठेवा, खाली ‘भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाल्यांचं पीठ’ असं लिहा.

फोडणीला तर नेमका शब्दच नाही. ‘तळा’ लिहिलंत, तर माणूस मोहरी जाळून बसेल. म्हणून क्रियाच लिहा: 2 चमचे तेल तापवा, मोहरी टाका, झाकण ठेवा, तडतड कमी झाली की जिरं टाका आणि लगेच पाण्यात कालवलेलं येसर ओता.

छापण्याआधी दुसऱ्या जाणकाराकडून तो मजकूर परत मराठीत करून घ्या. ‘त्मिन’ किंवा ‘तळा’ सापडलं, तर छपाई थांबवा.