लेसर शलाकेचे अपसरण

लेसरचा प्रकाश अत्यंत सरळ रेषेत जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे; परंतु पूर्णपणे समांतर प्रकाशशलाका निसर्गात संभवत नाही. प्रकाश तरंगरूप असल्याने, त्याची शलाका मर्यादित रुंदीची केली की विवर्तनामुळे ती पुढे पसरतेच. शलाकेच्या सर्वांत अरुंद भागाला ‘कटी’ म्हणतात. कटीची त्रिज्या w₀ व तरंगलांबी λ असल्यास आदर्श (गाउसीय) शलाकेचा अपसरण कोन (अक्षापासून मोजलेला, रेडियनमध्ये) θ = λ/πw₀ या सूत्राने मिळतो. कटी जितकी बारीक, तितके अपसरण अधिक. कटीपासून z अंतरावरील ठिपक्याची त्रिज्या w = √(w₀² + θ²z²) इतकी असते; अंतर मोठे असल्यास ती जवळजवळ θz एवढीच होते.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंग वेधशाळेच्या रचनेत हा संबंध निर्णायक ठरतो. या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः व २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगो वेधशाळांप्रमाणेच येथे परस्परांना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन भुजा योजिलेल्या आहेत. प्रत्येक भुजेच्या दोन टोकांवरील आरशांमध्ये १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पुनःपुन्हा ये-जा करतो.

कटी भुजेच्या मध्यावर आहे असे मानू. तिची त्रिज्या १ मिमी. ठेवल्यास २ किमी.वरील आरशापाशी ठिपक्याची त्रिज्या सु. ६८ सेंमी. होईल आणि ३४ सेंमी. व्यासाच्या आरशाबाहेर बराचसा प्रकाश वाया जाईल. कटी फार रुंद ठेवली, तर ठिपका मुळातच मोठा राहतो. या दोहोंच्या मध्ये २·६ सेंमी.ची कटी आरशांवर लहानात लहान, म्हणजे ३·७ सेंमी. त्रिज्येचा ठिपका देते.

तथापि अमेरिकेतील सुधारित लायगोमध्ये कटीची त्रिज्या सु. १·२ सेंमी. ठेवून दोन आरशांवर सु. ५·३ व ६·२ सेंमी. त्रिज्यांचे ठिपके मुद्दाम मोठे केले आहेत. आरशावरील लेपाच्या कणांचे उष्णताजन्य कंपन मोजमापात अडथळा आणते. ठिपका मोठा असल्यास या कंपनाची सरासरी अधिक क्षेत्रावर होऊन त्याचा प्रभाव घटतो. ठिपक्याची तीव्रता कडेकडे झपाट्याने घटत असल्याने ६·२ सेंमी.च्या ठिपक्यातील दशलक्षांशाहूनही कमी प्रकाश आरशाच्या कडेबाहेर पडतो. ठिपका याहून बराच मोठा केल्यास मात्र ही हानी वेगाने वाढते.

वरील सूत्र आदर्श शलाकेपुरतेच खरे आहे. प्रत्यक्ष शलाका त्याहून कमी पसरू शकत नाही, अधिक पसरू शकते. म्हणून निरनिराळ्या अंतरांवर ठिपक्याची त्रिज्या मोजून कटी व अपसरण कोन काढतात. त्यांचा गुणाकार λ/π पेक्षा जितके पट जास्त, तितकी शलाका सदोष समजली जाते.