आठवड्याची गोळी रोज घेतली तर

अडुसष्ट वर्षांच्या एक आजी. गुडघे आणि कंबर दुखते म्हणून रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व 11 निघालं. डॉक्टरांनी साठ हजार युनिटची गोळी लिहून दिली, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. घरी मात्र बीपीची गोळी रोज, कॅल्शियमची गोळी रोज, तशी हीसुद्धा रोज सुरू झाली. दुखणं थोडं कमी वाटलं म्हणून आठ आठवड्यांनंतरही मेडिकलमधून पाकिटं येत राहिली. तीन महिन्यांनी आजींची भूक गेली, पोट साफ होईना, सारखी तहान लागू लागली आणि रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागू लागलं. शुगर तपासली, ती नॉर्मल. मग उलट्या सुरू झाल्या, बोलण्यात गोंधळ होऊ लागला आणि त्यांना दवाखान्यात दाखल केलं. रक्तातलं कॅल्शियम 14.2 आणि क्रिएटिनिन 2.8. तीन महिन्यांपूर्वी तेच क्रिएटिनिन 0.9 होतं.

ही कुणा एकीची हकीकत नाही. असे रुग्ण जसे येतात, तसं हे उदाहरण जुळवलं आहे. पुढची उत्तरं देताना याच आजींकडे पुन्हा पुन्हा यावं लागणार आहे.

जास्तीचं जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही का?

ब आणि क जीवनसत्त्वांचं बहुतांशी तसं होतं, कारण ती पाण्यात विरघळतात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, ती त्यामुळेच. ड जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळणारं. ते शरीरातल्या चरबीत साठतं आणि तिथून सावकाश रक्तात उतरत राहतं. म्हणून गोळी आज बंद केली तरी तिचा परिणाम आज थांबत नाही.

मग दिवसभर उन्हात राबणाऱ्यांना त्रास का होत नाही?

कातडीला तिचा स्वतःचा लगाम आहे. ठरावीक प्रमाणात ड जीवनसत्त्व तयार झालं की पुढचं ऊन त्याचं निरुपयोगी पदार्थांत रूपांतर करतं. उन्हामुळे ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. ती होते गोळ्या, पुड्या आणि इंजेक्शनं यांच्यामुळे, कारण तोंडातून किंवा सुईतून जे जातं त्याला हा लगाम लागू नाही.

रक्तातलं कॅल्शियम नेमकं कसं वाढतं?

गोळीतलं ड जीवनसत्त्व स्वतः फारसं काम करत नाही. आधी यकृतात त्याचं एक रूपांतर होतं. लॅबच्या रिपोर्टवर ‘25 हायड्रॉक्सी’ असं लिहून येतं, ते हेच. मग मूत्रपिंडात दुसरं रूपांतर होऊन त्याचं खरं जोरकस रूप तयार होतं, कॅल्सिट्रिऑल. हे कॅल्सिट्रिऑल आतड्याला सांगतं, अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढून घे.

यकृताची पायरी जवळजवळ उघडीच असते, जेवढं येईल तेवढं पुढे जातं. चोख पहारा आहे तो मूत्रपिंडाच्या पायरीवर. कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंड कॅल्सिट्रिऑल बनवणं कमी करतं. मग इतका पहारा असताना घोटाळा होतो कुठे? रक्तात ही सगळी रूपं एका वाहक प्रथिनाच्या पाठीवर बसून फिरतात. पाठीवर असतात तोवर ती निरुपद्रवी. यकृतात बनलेल्या रूपाचा पूर आला की या पाठी भरून जातात, आणि जे थोडं कॅल्सिट्रिऑल आहे तेही ढकललं जाऊन मोकळं सुटतं. शिवाय यकृतातलं रूप एरवी दुबळं असलं, तरी एवढ्या संख्येनं आल्यावर तेच पेशींना आदेश देऊ लागतं. मूत्रपिंडाच्या पहाऱ्याला बगल मिळते ती अशी.

लोकांना सगळ्यात विचित्र वाटणारी गोष्ट पुढेच आहे. हे वाढलेलं कॅल्शियम फक्त जेवणातून येत नाही. अतिरेकी मात्रेत ड जीवनसत्त्व हाडांतूनही कॅल्शियम सोडवून रक्तात आणतं. हाडं बळकट व्हावीत म्हणून घेतलेली गोळी हाडांतूनच उचल करू लागते.

यात मूत्रपिंडाचं काय बिघडतं?

मूत्रपिंडं दिवसभरात सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. लघवी होते ती जेमतेम दीड-दोन लिटर. ‘पाणी परत घे’ हा निरोप मेंदूकडून एका संप्रेरकामार्फत येतो. रक्तात कॅल्शियम चढलं की मूत्रपिंडाच्या नळ्या या निरोपाला जुमानेनाशा होतात आणि लघवी भरमसाट होऊ लागते. आजी रात्री उठत होत्या त्या यामुळे, आणि तहान लागत होती ती गेलेलं पाणी भरून काढायला.

तोवर पाणी पिऊन निभावतं. पण कॅल्शियममुळे मळमळही होते. उलट्या सुरू झाल्या की पिणं थांबतं, लघवी मात्र थांबत नाही. शरीर कोरडं पडतं. कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंड मीठ-पाणी वाचवायला धावतं आणि मीठ वाचवताना त्याबरोबर कॅल्शियमही परत घेतं. म्हणजे कॅल्शियम वाढल्यानं पाणी गेलं आणि पाणी गेल्यानं कॅल्शियम आणखी वाढलं. या फेऱ्यात रुग्ण दोन-तीन दिवसांत एकदम कोसळतो. त्यातच कॅल्शियम मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या बारीक नलिका आवळतं. गाळायला रक्तच कमी येतं आणि क्रिएटिनिन चढतं.

इथपर्यंतचं नुकसान बऱ्याच अंशी भरून येतं. खरी भीती आहे ती नंतरची. आठवडे-महिने कॅल्शियम चढलेलं राहिलं, तर त्याचे कण मूत्रपिंडाच्या मांसात जाऊन बसतात, खडेही होऊ शकतात. सोनोग्राफीत तो भाग पांढरा चमकतो. जिथे कण बसून व्रण झाला, तिथली नळी पुन्हा तयार होत नाही.

किती घेतलं म्हणजे जास्त?

इथे थोडा हिशेब करू. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण 600 युनिट, साठीनंतर थोडी अधिक. डॉक्टरांना न विचारता रोज घ्यायची वरची मर्यादा 4000 युनिट धरतात. साठ हजारांची गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, म्हणजे एकूण 4 लाख 80 हजार. कमतरता असलेल्या माणसाला हे चालतं. आजींनी नव्वद दिवस रोज घेतली. झाले 54 लाख.

आकड्यांमुळे आणखी एक फसगत होते. बाटलीवर मायक्रोग्रॅम लिहिलेलं असेल तर त्याला 40 नं गुणायचं, म्हणजे युनिट मिळतात. 25 मायक्रोग्रॅम म्हणजे 1000 युनिट. परदेशातल्या मुलांनी पाठवलेल्या बाटल्यांवर अनेकदा असं लिहिलेलं असतं.

इंजेक्शनाचं प्रकरण वेगळं. एका इंजेक्शनात 6 लाख युनिट असू शकतात. कंबरदुखीसाठी एका डॉक्टरांनी एक दिलं, महिन्यानं दुसऱ्यांनी आणखी एक, आणि घरी गोळी चालूच. प्रत्येकाला स्वतःचं तेवढंच माहीत. श्रीनगरच्या डॉक्टरांनी 2011 मध्ये अशा दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. काश्मीरमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी, म्हणून औषधही सढळ हातानं दिलं जातं. माझ्या मते विषबाधा जास्त करून अशाच ठिकाणी सापडते, जिथे कमतरतेची चर्चा सगळ्यात जास्त असते.

सगळ्यांनाच सारखा धोका असतो का?

नाही. बीपीच्या काही गोळ्यांत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ही औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात. आजींच्या बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन होतं. वर रोजची कॅल्शियमची गोळी. टीबी असलेल्यांनीही जपावं. टीबीच्या गाठींतल्या पेशी स्वतःच कॅल्सिट्रिऑल बनवतात, आणि त्यांच्यावर मूत्रपिंडासारखा पहारा नसतो. अशा माणसाला साध्या मात्रेनंही त्रास होऊ शकतो. ज्यांची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत, त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला नकोच.

हे ओळखायचं कसं? सगळ्याच म्हाताऱ्या माणसांना बद्धकोष्ठ असतो आणि विसरायला होतं.

खरं आहे, म्हणूनच निदान उशिरा होतं. सुस्ती, विसराळूपणा, बद्धकोष्ठ हे सगळं वयाच्या खात्यावर टाकलं जातं. मी एवढंच सांगेन: तहान आणि लघवी दोन्ही वाढली आहेत, शुगर नॉर्मल आहे आणि घरात ड जीवनसत्त्वाची गोळी चालू आहे, असं असेल तर त्याच दिवशी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासा. कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 असावं. 12 च्या पुढे गेलं तर घरी थांबू नये. अल्ब्युमिन सोबत तपासावं, कारण ते कमी असलं तर रिपोर्टमधलं कॅल्शियम असतं त्यापेक्षा कमी दिसतं.

नंतरची कळीची तपासणी पीटीएचची. गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथी कॅल्शियम कमी पडलं की हे संप्रेरक सोडतात. कॅल्शियम वाढलेलं असूनही पीटीएच चढं असेल, तर दोष त्या ग्रंथींचा. ते अगदी खाली गेलं असेल, तर ग्रंथी आपलं काम नीट करताहेत, कॅल्शियम दुसरीकडून येतं आहे. आजींचं पीटीएच 6 होतं, एरवी ते 15 च्या वर असतं. आणि ड जीवनसत्त्व 260. ते 150 च्या वर असून कॅल्शियमही वाढलेलं असेल, तर विषबाधेबद्दल फारशी शंका उरत नाही. पीटीएच खाली आहे पण ड जीवनसत्त्व वाढलेलं नाही, असं निघालं तर डॉक्टर टीबी आणि कर्करोगाच्या वाटेनं शोध घेतात.

उपचार काय? मूत्रपिंड पूर्ववत होतं का?

ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही बंद. आजींची बीपीची गोळीही बदलली. मग शिरेतून सलाइन, कारण पाणी भरल्याशिवाय तो फेरा तुटत नाही. हाडांतून येणारं कॅल्शियम थोपवायला कॅल्सिटोनिन आणि लागलं तर झोलेड्रोनिक अॅसिड देतात, पण मूत्रपिंड बिघडलेलं असताना ते जपून द्यावं लागतं. आतड्यातून येणारं कमी करायला काही आठवडे स्टेरॉइड. एवढ्यानंही आटोक्यात आलं नाही तर डायलिसिस. आजींवर ती वेळ आली नाही. सहाव्या दिवशी कॅल्शियम 11 वर आलं, त्या ओळखीनं बोलू लागल्या आणि घरी गेल्या.

घरी गेल्यावरही दर आठवड्याला रक्त तपासावं लागलं, कारण चरबीतला साठा उतरतच होता. आठव्या आठवड्यात स्टेरॉइड कमी करताच कॅल्शियम पुन्हा चढलं आणि ते आणखी महिनाभर चालवावं लागलं. चार महिन्यांनी ड जीवनसत्त्व अजून 100 च्या वर होतं. क्रिएटिनिन उतरत उतरत 1.4 वर थांबलं. 0.9 पर्यंत ते परत गेलं नाही.