तासाभराचं व्याख्यान, दोन पानांच्या नोट्स

तासाभराच्या व्याख्यानाची लेखी प्रत साधारण सात-आठ हजार शब्दांची भरते. तिच्यावरून दोन पानांच्या नोट्स काढताना मथळे विषयाच्या क्रमाने द्यावेत, बोलण्याच्या नव्हे.

नमुना: राज्यघटनेतील रिट
- रिट: न्यायालयाने काढलेला लेखी आदेश.
- कलम 32: सर्वोच्च न्यायालय, फक्त मूलभूत हक्कांसाठी.
- कलम 226: उच्च न्यायालय, मूलभूत हक्कांखेरीज इतर कायदेशीर हक्कांसाठीही.

वर्गात हा फरक अनेकदा तुकड्यांत येतो. आधी ‘दोन्ही कलमं रिटसाठीच’ एवढंच सांगितलं जातं; 226ची व्याप्ती मोठी असल्याचं बऱ्याच वेळाने, एखाद्या प्रश्नाच्या उत्तरात निघतं. म्हणून व्याख्या पूर्ण प्रत वाचूनच पक्की करावी आणि तिच्यापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ लिहावी, उदा. 41:20. आपोआप उतरवलेल्या मजकुरात ‘नाही’ गळला की अर्थ उलटतो. मागच्या-पुढच्या वाक्यांशी विसंगती दिसताच तेवढा भाग पुन्हा ऐकावा.