अल्फा किती आला?

एम.एड.च्या तोंडी परीक्षेत सर्वेक्षणावरचा प्रबंध आला की हा प्रश्न ठरलेला. विद्यार्थी ‘०.७७’ म्हणतो, परीक्षक मान डोलावतात आणि विषय संपतो. खरं तर तो तिथं सुरू व्हायला हवा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नववीच्या मुलांना गणिताबद्दल काय वाटतं हे पाहायचं आहे. मापिकेत पाच विधानं आहेत: ‘गणितं सोडवायला मला मजा येते’, ‘अवघड गणित मी लगेच सोडून देत नाही’ अशा धर्तीची. चौथं विधान मात्र उलट आहे: ‘गणिताचा तास आला की पोटात गोळा येतो’. प्रत्येकापुढे ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच पर्याय आणि त्यांना १ ते ५ गुण. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली.

पाचही विधानं एकाच गोष्टीबद्दल असतील, तर एकावर जास्त गुण देणारा मुलगा बाकीच्यांवरही साधारण जास्तच देईल. ही एकजूट मोजणारा आकडा म्हणजे क्रॉनबॅकचा अल्फा. ली क्रॉनबॅक यांच्या १९५१च्या लेखामुळे तो रूढ झाला. त्यासाठी प्रत्येक विधानाच्या गुणांचं प्रचरण काढायचं, म्हणजे मुलांचे गुण किती विखुरले आहेत ते पाहायचं. मग प्रत्येक मुलाच्या एकूण गुणांचंही प्रचरण काढायचं. विधानं एकमेकांच्या साथीनं वरखाली होत असतील, तर एकूण गुणांचं प्रचरण सुट्या प्रचरणांच्या बेरजेपेक्षा बरंच मोठं येतं.

समजा, प्रत्येक विधानाचं प्रचरण १ आहे, म्हणजे बेरीज ५. एकूण गुणांचं आलं ६.६. एक्सेलमध्ये:

```
=5/4*(1-5/6.6)
```

उत्तर ०.३०. इथं बरेच जण हातपाय गाळतात आणि विधानं बदलायला घेतात. त्याआधी प्रत्येक विधानाचा उरलेल्या चारांच्या बेरजेशी सहसंबंध पाहावा. चौथ्याचा येतो उणे ०.५४. ज्याला गणित आवडतं त्याच्या पोटात गोळा येत नाही, म्हणून तो तिथं १ देतो, आणि आपण तो १ तसाच बेरजेत धरला आहे. त्या विधानाचे गुण ६ मधून वजा करून उलटे केले की एकूण प्रचरण १३ होतं आणि अल्फा ०.७७. मुलं तीच, उत्तरं तीच. चूक गुण देण्यात होती. उलटे करूनही सहसंबंध कमीच राहिला, तर मात्र विधान मुलांना कळलं का, हे त्यांच्याशी बोलूनच पाहावं लागतं.

आता ०.७७ वर खूश व्हावं का? अल्फा ०.७०च्या वर असला की भागलं, अशी एक रूढी आहे. पण त्याच धर्तीची विधानं वाढवली की अल्फा वाढतो. आपल्या पाच विधानांत कोणत्याही दोघांचा सहसंबंध ०.४ आहे. तो जेमतेम ०.१५ असलेली वीस विधानं घेतली तरी अल्फा ०.७८ येतो! उलट ‘गणित आवडतं’, ‘गणित छान वाटतं’, ‘गणित माझ्या आवडीचं’ असं एकच वाक्य घोळवून विचारलं तरी आकडा फुगतो, आणि माहिती एकाच विधानाएवढी मिळते. म्हणून छोट्या मापिकेत ०.९५ आला तर मला आनंदापेक्षा शंका जास्त वाटते.

विश्वसनीयतेचा हा एक भाग झाला. पंधरा दिवसांनी तीच मुलं साधारण तशीच उत्तरं देतील का, हे अल्फा सांगत नाही. त्यासाठी मापिका पुन्हा द्यावी लागते.

सप्रमाणतेचा प्रश्न तर वेगळाच: आपण मोजतोय ते गणिताबद्दलच आहे ना? समजा पाचही विधानांमागे मुलांच्या मनात गणिताचे सर आहेत. सर लाडके असतील तर सगळीकडे ५, नसतील तर सगळीकडे २. एकजूट उत्तम, अल्फा दणदणीत, पण मोजलं जातंय ते सरांबद्दलचं मत. अल्फाच्या आकड्यात हे कुठंच दिसणार नाही.

ते ताडायला बाहेरचा पुरावा लागतो. आधी अनुभवी गणित शिक्षकांना विधानं वाचायला द्यावीत आणि विषयाची कोणती बाजू सुटली ते विचारावं. मग असे गट शोधावेत, ज्यांच्यात फरक दिसायलाच हवा: अकरावीत आपणहून गणित घेतलेली मुलं आणि पर्याय असून सोडलेली मुलं. त्यांच्या सरासरीत फरकच नसेल, तर मापिकेवर विश्वास ठेवणं अवघड. शिक्षक वेगळे असलेल्या तुकड्याही ताडून पाहाव्यात. तिथला मोठा फरक शंका घेण्याजोगा, पण निर्णायक नाही. चांगल्या शिक्षकामुळे विषयाची गोडी खरोखरच लागते. अशा वेळी शिक्षकांबद्दलची दोन-तीन विधानं वेगळी विचारावीत आणि आपले गुण त्यांच्याशीच जास्त जुळतात का ते पाहावं.

आणखी एक. अल्फा मापिकेचा कायमचा गुणधर्म नसतो. त्या मुलांच्या त्या उत्तरांचा असतो. दुसऱ्याच्या प्रबंधातली मापिका उचलली तरी त्यातला ०.८ आपल्याला लागू होत नाही. आपल्या मुलांवर तो नव्यानं काढा, आणि प्रबंधात आकड्याशेजारी मुलं किती, विधानं किती, उलटी कोणती आणि बाहेरचा पुरावा कोणता, हेही लिहा.