शब्द ताणू नका, थांबा

19 ऑक्टोबर 1959 रोजी व्हॉइस ऑफ अमेरिकाने ‘स्पेशल इंग्लिश’ हे प्रसारण सुरू केलं. श्रोते होते जगभरातले इंग्रजी शिकणारे लोक. शब्दसाठा सुमारे 1500, वेग नेहमीच्या दोन तृतीयांश, वाक्यं आखूड, प्रत्येकात एकच गोष्ट आणि वाक्प्रचारांना मज्जाव.

यातला फक्त संथपणा लोकांच्या लक्षात राहिला. म्हणून आजोबांशी किंवा परप्रांतीय पाहुण्याशी बोलताना आपण एकेक अक्षर ताणतो, वर आवाजही चढवतो. पण वेळ नेमका कुठे द्यायचा, हाच खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आर्थर विंगफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्कर श्रोत्यांना मुद्दाम वेगवान केलेलं ध्वनिमुद्रण ऐकवलं. त्यांचं ऐकलेलं बरंच निसटलं. मग शब्दांचा वेग तसाच ठेवून उपवाक्यांच्या आणि वाक्यांच्या शेवटी विराम घातले, तेव्हा निसटलेलं पुष्कळसं पुन्हा हाती लागलं. तेवढेच विराम भलत्या जागी घातले, तर तसा फायदा होत नव्हता. ऐकलेल्याची मोळी बांधायला उसंत लागते आणि ती अर्थ पुरा झाल्यावरच कामाची.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा: ‘काल धरणातून पाणी सोडल्यामुळे नदीकाठच्या ज्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला होता, त्या गावांतल्या शाळा आज बंद राहतील.’ शाळांचं काय झालं हे कळतं अगदी शेवटी, कारण आपलं क्रियापद तिथे बसलेलं असतं. तोवर धरण, गावं, इशारा असं सगळं डोक्यात धरून ठेवायचं. ते कितीही सावकाश वाचलं, तरी ओझं तेवढंच. उलट जास्त वेळ वाहायचं.

आजीसाठी ते असं फोडता येईल: ‘काल धरणातून पाणी सोडलं. नदीकाठच्या गावांना इशारा दिला होता. त्या गावांतल्या शाळा आज बंद आहेत.’ वेग नेहमीचा, प्रत्येक पूर्णविरामाला एक श्वास. लाडिक, चढा सूर नको. त्याने समज वाढत नाही आणि माणूस दुखावतो ते वेगळंच.

मराठी नव्याने शिकणाऱ्याला यातला ‘इशारा’ही अडेल. तिथे ‘गावांतल्या लोकांना सावध राहायला सांगितलं’ म्हणावं. विराम थोडे अधिक लांब ठेवावेत, कारण शब्द ओळखण्यातच त्याचा वेळ जातो.

चार वर्षांच्या मुलाची अडचण निराळी. ईव्ह क्लार्क यांनी 1971 मध्ये दाखवलं, की इंग्रजी बोलणारी लहान मुलं घटना ज्या क्रमाने ऐकतात, त्याच क्रमाने त्या घडल्या असं धरतात. ‘झोपण्याआधी सशाने गाजर खाल्लं’ या वाक्यात झोप आधी येते. त्यापेक्षा ‘सशाने गाजर खाल्लं. मग तो झोपला,’ असं सांगावं.

जमलं की नाही हे ‘कळलं का?’ विचारून समजत नाही. सगळेच हो म्हणतात. ऐकलेलं परत सांगायला लावावं. फक्त शेवटचा तुकडा परत आला, तर वाक्य लांब झालं होतं.