फॉरवर्ड करता येईल असा निरोप

नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करू लागलेला माणूस जुन्या सहकाऱ्यांना पहिला निरोप बहुधा असा धाडतो : ‘सध्या फ्रीलान्सिंग करतोय, तुमच्याकडे काही असेल तर सांग.’ ‘हो, नक्की’ असं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. मदत करायची इच्छा नसते असं नाही. पण त्या एका ओळीने सगळं काम सहकाऱ्यावर टाकलेलं असतं. याला नेमकं काय जमतं ते आठवायचं, आपल्या कंपनीत त्याची गरज कुणाला आहे ते हुडकायचं आणि त्या माणसाला काय सांगायचं तेही आपणच ठरवायचं. वर, सुचवलेला माणूस कमी पडला तर शब्द आपला जाणार.

याचना वाटते ती यामुळे. भाषा कितीही नम्र केली तरी ती जात नाही, कारण मागणी धूसरच राहते.

ओळखीतून काम नेमकं कुठून येतं, याचा एक जुना अभ्यास आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्याच्याकडून ही नोकरी कळली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? 1973 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधानुसार वारंवार भेटणाऱ्यांकडून नोकरी कळलेले लोक साधारण सहात एक होते, तर वर्षातून जेमतेम एकदा किंवा त्याहून कमी भेटणाऱ्यांकडून कळलेले चारात एकाहून जास्त. कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. चार वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावर बसणारा मात्र आता दुसऱ्या कंपनीत आहे आणि तिथली अडचण त्याला आतून दिसते. अभ्यास नोकऱ्यांचा होता, पण फ्रीलान्स कामालाही हे कारण तसंच लागू पडतं. आता अडचण अशी, की ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही, त्यालाच लिहायला सर्वांत जास्त संकोच वाटतो.

एक उदाहरण घेऊ. भोसरीच्या एका यंत्रनिर्मिती कंपनीत मॅन्युअल लिहिणारी एक बाई आता घरून तेच काम करते. तिचा जुना सहकारी चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे आणि ती कंपनी युरोपला यंत्रं पाठवते. युरोपीय संघाचा यंत्रांविषयीचा नवा नियम, 2023/1230, 20 जानेवारी 2027 पासून लागू होतो. त्यात यंत्राच्या सूचना डिजिटल स्वरूपात देण्याची मुभा आहे, पण खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाने मागितल्या तर छापील प्रत विनामूल्य द्यावी लागते. म्हणजे जुनी मॅन्युअल्स तपासणं आलं. लिहायला कारण हवं असतं, ते हे. दिवाळीच्या फॉरवर्ड केलेल्या पणत्या हे कारण होत नाही.

तिने दोन वेगळे निरोप पाठवावेत. पहिला फक्त त्याच्यासाठी :

‘युरोपच्या नव्या नियमामुळे निर्यातीच्या यंत्रांची मॅन्युअल्स बदलावी लागणार आहेत. तुमच्याकडे हे कोण बघतं? मी हल्ली असंच काम करते. खाली चार ओळी वेगळ्या पाठवते. त्या माणसाला उपयोगी वाटतील तरच पुढे पाठव. तुमच्याकडे हे काम आधीच कुणी करत असेल तर तसं सांग, म्हणजे मी पुन्हा विचारणार नाही.’

दुसरा निरोप जसाच्या तसा पुढे जाण्यासाठी. ऑफिसात तो बहुधा इंग्रजीतच जाईल, पण मजकूर असा :

‘यंत्रांची मॅन्युअल्स लिहिण्याचा नऊ वर्षांचा अनुभव, त्यातली बरीच युरोपला जाणाऱ्या यंत्रांची. सध्या स्वतंत्रपणे काम करते. तुमचं एक मॅन्युअल पाहून नव्या नियमानुसार काय बदलावं लागेल याची दोन पानी यादी ठरलेल्या शुल्कात, आठवड्याभरात देते. पुढचं काम त्यानंतर ठरवू. नमुन्याची लिंक आणि फोन नंबर सोबत.’

सहकाऱ्याकडे ती काम मागतच नाही. त्या विषयाचं कोण बघतं, एवढंच विचारते आणि त्याचं उत्तर त्याला अर्ध्या मिनिटात देता येतं. ‘नाही’ म्हणायची वाटही तिनेच करून दिली आहे. दुसऱ्या निरोपात त्याचं नाव कुठेच नाही. ‘ही माझ्याबरोबर होती, काम चोख’ एवढं वर जोडायचं की नुसतं पुढे ढकलायचं, हे तो ठरवील. आणि देऊ केलेलं काम लहान आहे, त्यामुळे फसलं तरी नुकसान एका आठवड्याचं आणि त्याचा शब्दही फारसा जात नाही. दर मात्र त्याला सांगू नये. सांगितला, की घासाघीस त्याच्यामार्फत सुरू होते आणि तो उगाच मधे अडकतो.

उत्तरं वाचायलाही शिकावं लागतं. ‘कुणाच्या नावाने पाठवू?’ किंवा ‘किती दिवस लागतात?’ असं विचारलं तर निरोप पुढे जाणार आहे. ‘रेझ्युमे पाठवून ठेव’ म्हणजे तो एचआरच्या फोल्डरात जाऊन पडेल. नुसतं ‘बघतो’ आलं, की तो सभ्य नकार समजावा आणि ‘काही झालं का?’ विचारायला जाऊ नये. पुन्हा लिहायचं ते नवं कारण मिळाल्यावरच, उदाहरणार्थ त्याने कंपनी बदलली तर. नव्या जागी रुजू झालेल्याला पहिल्या काही महिन्यांत ओळखीचे, भरवशाचे हात हवे असतात.

निरोप पुढे गेला, तर काय झालं ते त्याला आपणहून कळवावं : ‘मॅडमशी बोलणं झालं, त्यांना मार्चनंतर हवंय.’ काम नाही मिळालं तरीही कळवावं. बरेच लोक हे टाळतात. मग ज्याने नाव सुचवलं त्याला कँटीनमध्ये तिसऱ्याकडून कळतं, आणि पुढच्या वेळी तो नाव सुचवत नाही.

जुन्या मालकाची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्याकडून काम मिळण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे सोडून जातानाची. अर्धवट मॅन्युअल्सची यादी हाती देऊन ‘यातली दोन मी बाहेरून पुरी करू शकते, हा माझा दर’ असं म्हटलं तर त्यात मागणं काही उरत नाही, त्याचीच सोय होते. आधी नियुक्तिपत्र मात्र वाचावं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे नोकरी सोडल्यावर तोच व्यवसाय करण्यावरची सरसकट बंदी सहसा टिकत नाही. पण गोपनीयतेची अट टिकू शकते, आणि कंपनीची गिऱ्हाइकं वळवू नयेत या अटीवरूनही वाद होऊ शकतो. त्यामुळे जुन्या कंपनीची मॅन्युअल्स नमुना म्हणून दाखवायची नाहीत. घरच्या मिक्सरचं मॅन्युअल नव्याने लिहिलं तरी तो नमुना होतो. जुन्या गिऱ्हाइकाने स्वतःहून फोन केला, तर काम घेण्याआधी अट पाहावी आणि मालकाला आधी सांगावं. पुष्कळदा तो ‘घे, आम्हाला ते छोटं काम नकोच होतं’ म्हणतो.

पैशाचा मुद्दा राहिला. दुसऱ्या फ्रीलान्सरने आपल्याकडचं जादा काम पाठवलं तर त्याला ठरलेला टक्का उघडपणे द्यायला हरकत नाही. पण काम देणाऱ्या कंपनीतच नोकरीला असलेल्या मित्राला कमिशन देऊ करू नये. कंपनीच्या नियमांनुसार ती लाच ठरू शकते आणि त्याची नोकरी धोक्यात येऊ शकते. त्याच्या धाकट्या भावाचा रेझ्युमे नीट करून द्या, किंवा त्याला माणूस हवा असेल तेव्हा एक चांगलं नाव सुचवा.